रात्रीचं वाचन आणि काळा पडदा: डार्क मोड नेमका कशासाठी आला होता?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जे पाल्हाळ लावलं होतं ते थोडं छाटलंय, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात घरातल्याच एका किश्शाने करतो. माझी आई रात्री जेवणं उरकली की फोनवर वाचत बसते. कादंबऱ्या, दिवाळी अंकांतले जुने लेख, जे मिळेल ते. साडेअकरा-बारा सहज होतात. मी सॉफ्टवेअरवाला मुलगा, मागच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा म्हटलं, आईच्या डोळ्यांसाठी काहीतरी करूया. फोन घेतला, सगळीकडे डार्क मोड लावला, वर तो पिवळा फिल्टर पण पूर्ण चढवला, आणि ऐटीत परत आलो.

तीन आठवड्यांनी तिचा फोन. "अरे, मला चष्म्याचा नंबर काढायला जायचंय. हल्ली अक्षरं फुटल्यासारखी दिसतात. दोन पानं वाचली की कपाळ दुखतं."

नंबर काढला. बदललेला नव्हता. बदलला होता तो फोन, आणि तो मी बदलला होता. तेव्हा पहिल्यांदा नीट शोधायला बसलो की आपण ज्याला 'डोळ्यांसाठी चांगलं' म्हणतो त्या सेटिंग्ज आल्या कुठून. लक्षात आलं ते असं: डार्क मोड, अक्षरांचा आकार आणि पिवळा फिल्टर या तीन गोष्टी तीन वेगळ्या काळात, तीन वेगळ्या अडचणींवर उत्तर म्हणून आल्या. आपण त्यांना एकाच डब्यात टाकतो, आणि तिथेच घोळ होतो. आज ही गोष्ट क्रमाने सांगतो.

हिरव्या अक्षरांचा काळ

काळ्या पार्श्वभूमीवर उजळ अक्षरं, ही संगणकाच्या पडद्याची मूळ अवस्था आहे. सत्तरच्या दशकातले टर्मिनल डोळ्यांसमोर आणा. काही जणांना बँकेच्या काउंटरमागची हिरवी अक्षरं आठवतही असतील. ते काळे होते कारण डोळ्यांचा विचार केला होता म्हणून, असं मला वाटायचं. तसं नव्हतं.

त्या पडद्यात काचेच्या नळीच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनचा झोत यायचा आणि काचेच्या आतल्या बाजूला लावलेल्या फॉस्फरवर आदळायचा. जिथे आदळला तिथे उजेड, बाकी सगळा अंधार. अक्षर काढायचं तर अक्षरापुरता झोत चालू ठेवायचा. म्हणजे काळं हे कोणी निवडलेलं नव्हतं, ते आपोआप उरलेलं होतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. झोत सेकंदाला साधारण ५० किंवा ६० वेळा पूर्ण पडदा फिरून यायचा. दोन फेऱ्यांच्या मध्ये फॉस्फर मंद होत जायचा. काळ्या पडद्यावर थोडी अक्षरं असतील तर हे चटकन कळत नाही. पण सगळा पडदा पांढरा केला, तर तोच लखलखाट ठळक जाणवतो, कारण जागा जितकी मोठी आणि उजळ, तितकी आपल्या डोळ्याला थरथर जास्त दिसते. नजरेच्या कडेला तर फारच. यावर तोडगा म्हणून काही पडद्यांत उजेड रेंगाळणारा हिरवा फॉस्फर वापरायचे. आयबीएमच्या पहिल्या पीसीसोबत मिळणारा हिरवा मॉनिटर तसाच होता. थरथर कमी व्हायची, पण मजकूर वर सरकला की मागे भुताटकीसारखी सावली राहायची.

पांढऱ्या पार्श्वभूमीची सोय मात्र तेव्हाही होती. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ साली व्हीटी१०० नावाचं टर्मिनल बाजारात आणलं. त्याच्या सेटअपमध्ये गडद किंवा उजळ पार्श्वभूमी निवडता यायची. एवढंच नाही, तर प्रोग्रामला ही अदलाबदल एका छोट्या आदेशाने करता यायची. गंमत म्हणजे आजही लिनक्सवरच्या बऱ्याच टर्मिनलमध्ये तो आदेश चालतो. करून बघा:

```
printf '\033[?5h'
printf '\033[?5l'
```

पहिल्या ओळीने रंग उलटे होतात, दुसरीने पूर्ववत. म्हणजे लाइट-डार्कचं बटण ही काही २०१९ ची कल्पना नाही.

कागदाची नक्कल

१९७३ साली कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात 'आल्टो' नावाचा संगणक तयार झाला. त्याचा पडदा उभा होता, एखाद्या पानासारखा: आडवे ६०६ ठिपके, उभे ८०८. आणि त्यावर पांढऱ्यावर काळी अक्षरं. कारण सरळ होतं. झेरॉक्स ही कागदावर जगणारी कंपनी. पडद्यावर जे दिसेल तेच छापून यावं, ही तिथल्या लोकांची कल्पना होती. छापील पान पांढरं, तर पडदाही पांढरा. हाच धागा १९८४ च्या मॅकिन्टॉशने घराघरात नेला, आणि पुढची तीसेक वर्षं पांढरी पार्श्वभूमी हीच रीत झाली.

इथेही डोळ्यांच्या आरामाचा मुद्दा पहिला नव्हता. पण नेमक्या याच सुमारास कोणीतरी तो प्रश्न विचारला.

१९८० साली जर्मनीत डॉर्टमुंड इथे बाउअर आणि कॅव्होनियस या दोन संशोधकांनी टर्मिनलवरचा मजकूर दोन्ही पद्धतींनी लोकांना वाचायला दिला. उजळ पार्श्वभूमीवर गडद अक्षरं असताना चुका कमी झाल्या. पुढे चांगले पडदे आल्यावरही निकाल तोच आला. २०१३-१४ मध्ये ड्युसेलडॉर्फ विद्यापीठात पीपेनब्रॉक, मायर आणि बुखनर यांनी केलेले प्रयोग मला सगळ्यात उपयोगी वाटले. त्यांनी लोकांना मुद्रितशोधन करायला लावलं, म्हणजे मजकुरातल्या चुका शोधायला. तरुण असोत की वयस्क, पांढऱ्यावर काळं असताना काम सरस झालं. आणि त्यांनी बाहुल्यांचा आकारही मोजला.

कारण तिथेच आहे. कॅमेऱ्यात जसं छिद्र लहान केलं की चित्र जास्त खोलीपर्यंत स्पष्ट येतं, तसंच डोळ्याचं. पांढरा पडदा जास्त उजेड देतो, बाहुली आकसते, आणि भिंगातले बारीकसारीक दोष झाकले जातात. काळ्या पडद्यासमोर बाहुली मोठी होते, भिंगाच्या कडेचा भागही वापरात येतो, आणि ज्याच्या डोळ्यात थोडासा सिलिंडर नंबर आहे त्याला अक्षराभोवती धूसर प्रभा दिसायला लागते. आईचं 'अक्षरं फुटल्यासारखी' म्हणजे हेच होतं. तिला सिलिंडर नंबर आहे. वर मी तिला अंधाऱ्या खोलीत काळा पडदा दिला होता.

त्याच गटाच्या आणखी एका प्रयोगाने माझी उरलीसुरली ऐट उतरवली. अक्षर जितकं बारीक, तितका पांढऱ्या पार्श्वभूमीचा फायदा जास्त, असं त्यांना दिसलं. उलट बाजूने वाचा: डार्क मोड लावायचा तर अक्षर मोठं करायलाच हवं. मी पहिलं केलं होतं आणि दुसरं विसरलो होतो.

एक अपवाद मात्र नीट लक्षात ठेवा. गॉर्डन लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या सुमारास क्षीण दृष्टीच्या वाचकांवर काम केलं. ज्यांच्या डोळ्यातलं भिंग गढूळ झालंय, म्हणजे मोतीबिंदूसारखी स्थिती आहे, त्यांच्यापैकी काही जण काळ्यावर पांढरं जास्त वेगाने वाचत होते. कारण गढूळ भिंगात पांढऱ्या पानाचा उजेड सगळीकडे विखुरतो आणि अक्षरावर धुकं पसरतं. अशा माणसाला डार्क मोड खरोखरच मदत करतो. म्हणून घरातल्या आजोबांना तो आवडत असेल तर 'संशोधन वेगळं सांगतं' म्हणून काढून टाकू नका.

अक्षर केवढं हवं?

आता दुसरी सेटिंग. हिची चर्चा सगळ्यात कमी होते, आणि माझ्या मते पहिला हात इथेच घालायला हवा.

डोळ्याला मिलिमीटर कळत नाहीत, कोन कळतो. तेच अक्षर जवळ धरलं तर मोठा कोन, लांब धरलं तर लहान. वेबच्या पानांवरचा 'पिक्सेल' सुद्धा याच कल्पनेवर ठरवलेला आहे: ९६ डीपीआयच्या पडद्यावरचा एक ठिपका हाताच्या अंतरावरून, म्हणजे २८ इंचांवरून, जेवढा दिसतो तेवढा. लेग यांच्या वाचनाच्या प्रयोगांत असं दिसलं की अक्षर एका ठरावीक आकारापेक्षा मोठं असेल तोवर वाचनाचा वेग जवळपास सारखा राहतो, आणि त्याच्या खाली गेलं की वेग धाडकन पडतो. निरोगी डोळ्यासाठी, रोमन लिपीत, ही हद्द साधारण ०.२ अंश आहे, आणि ती मोजतात छोट्या 'एक्स'च्या उंचीवर.

पुढच्या खेपेला घरी गेलो तेव्हा पट्टी घेऊन बसलो. आई फोन ४५ सेंटीमीटरवर धरते. वय छप्पन्न, जवळचं स्पष्ट दिसत नाही म्हणून हात लांब जातो, तुमच्याही घरी हेच असेल. त्या अंतरावर ०.२ अंश म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर. तिच्या वाचनाच्या अॅपमधल्या 'म'ची उंची, शिरोरेघेपासून पायापर्यंत, भरली १.४. म्हणजे ती रोज रात्री हद्दीच्या खाली वाचत होती, आणि वरून काळ्या पडद्यावर.

बरं, ही हद्द रोमनची. आपल्या देवनागरीत तेवढ्याच उंचीत कितीतरी जास्त भरलेलं असतं. 'भ' आणि 'म' मध्ये फरक तो केवढा, वर डाव्या कोपऱ्यातल्या एका वळणाचा. 'घ' आणि 'ध' तसेच. 'ष'च्या पोटातली तिरकी रेघ गेली की उरतो 'प'. 'द्ध', 'ष्ट', 'क्ष' तर विचारूच नका. डार्क मोडमध्ये उजळ रेघा थोड्या पसरल्यासारख्या दिसतात आणि अक्षराच्या पोटातली ती काळी जागा भरून जाते. इंग्रजी वाचताना हे चालून जातं, मराठी वाचताना अडखळायला होतं.

म्हणून माझी एक घरगुती चाचणी सांगतो. नेहमीच्या अंतरावर फोन धरा आणि अनोळखी मजकूर वाचा, पाठ असलेला नको, कारण पाठ असलेलं मेंदू स्वतःच भरून काढतो. 'घ-ध' किंवा 'ष-प' कळण्यासाठी वाक्याचा अर्थ लावावा लागत असेल, फोन नकळत जवळ ओढला जात असेल, तर अक्षर लहान आहे. चष्म्याचा नंबर काढायला धावण्याआधी हे करा. अक्षर मोठं करूनही धूसरच राहिलं, तर मात्र डॉक्टरांकडे जाच.

आईच्या अॅपमध्ये आकार १४ होता, तो २२ केला. 'म' झाला २.२ मिलिमीटर, कोन सुमारे ०.२८ अंश. ओळींमधलं अंतरही वाढवलं, कारण आपल्याकडे वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. पानं उलटायला जास्त लागतात अशी तिची तक्रार आहे. ती मान्य.

पिवळा फिल्टर कुठून आला?

तिसरी सेटिंग वयाने सगळ्यात लहान, आणि हिचा जन्म संगणकाच्या जगात झालाच नाही. ती आली जीवशास्त्रातून.

१९९८ साली इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ आणि सहकाऱ्यांना बेडकाच्या कातडीतल्या पेशींत प्रकाश ओळखणारं एक नवं प्रथिन सापडलं, त्याला नाव दिलं मेलॅनॉप्सिन. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या जातकुळीतल्या प्राण्यांवर दाखवून दिलं की दृष्टिपटलात काही पेशी अशा आहेत ज्या चित्र बघण्यासाठी नाहीत, तर 'बाहेर दिवस आहे की रात्र' हे मेंदूतल्या घड्याळाला कळवण्यासाठी आहेत. या पेशी निळसर उजेडाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात. रात्री त्यांना उजेड मिळाला की मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दबतं.

२००९ मध्ये मायकेल आणि लॉर्ना हर्फ या जोडप्याने एफ.लक्स नावाचा छोटा प्रोग्राम काढला. सूर्य मावळला की पडदा हळूहळू पिवळट करायचा, एवढंच त्याचं काम. २०१५ च्या सुरुवातीला एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ही गोष्ट वर्तमानपत्रांत पोचली. अॅन-मारी चँग आणि सहकाऱ्यांनी १२ जणांना प्रयोगशाळेत ठेवून पाच रात्री झोपण्याआधी चार तास टॅब्लेटवर वाचायला दिलं, आणि दुसऱ्या पाच रात्री छापील पुस्तक. टॅब्लेटवाल्या रात्री झोप लागायला सरासरी दहा मिनिटं जास्त लागली. २०१६ च्या मार्चमध्ये आयफोनवर नाइट शिफ्ट आलं, पुढच्या वर्षी विंडोजमध्ये नाइट लाइट, आणि आता प्रत्येक फोनमध्ये 'आय कम्फर्ट' नावाचं काहीतरी असतंच.

पण नाव बघा. आय कम्फर्ट. ज्या संशोधनातून हे आलं ते झोपेबद्दल होतं, डोळ्यांच्या थकव्याबद्दल नव्हतंच. डोळ्यांच्या थकव्यापुरतं बोलायचं तर निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांवर २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला, आणि साध्या भिंगांच्या तुलनेत थकव्यात बहुधा काही फरक पडत नाही असं सांगितलं.

बरं, झोपेसाठी तरी? चँग यांच्या प्रयोगातली एक गोष्ट बातम्यांत हरवली. टॅब्लेटचा ब्राइटनेस पूर्ण वाढवलेला होता. डोळ्यापर्यंत सुमारे ३१ लक्स उजेड पोचत होता, छापील पुस्तकाचा १ लक्सच्या आसपास. मग २०१९ मध्ये अमेरिकेतल्या रेन्सेलर इन्स्टिट्यूटच्या लोकांनी नाइट शिफ्टच तपासलं, फिल्टर कमी आणि फिल्टर पूर्ण अशा दोन्ही पातळ्यांवर. मेलाटोनिन दबण्यात त्या दोघांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. त्यांचा निष्कर्ष असा की उजेड कमी न करता नुसता रंग बदलून भागणार नाही.

आता हिशोब करू

इंजिनीअर आहे, आकडेमोड केल्याशिवाय राहवत नाही. पण सोपी आहे, घाबरू नका.

फोनचा पडदा साधारण ७ बाय १५ सेंटीमीटर, म्हणजे १०५ चौरस सेंटीमीटर. ३० सेंटीमीटरवर धरलाय. १०५ भागिले ३० चा वर्ग, ९००: उत्तर ०.११७. पडद्याचा उजळपणा निट या एककात मोजतात. त्याला या ०.११७ ने गुणलं की डोळ्यापाशी किती लक्स पोचतात ते अंदाजे मिळतं.

पांढरं पान, २०० निट: सुमारे २३ लक्स. झोपेचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या एका गटाने २०२२ मध्ये शिफारस केली की झोपण्याआधीचे तीन तास डोळ्यापाशी १० लक्सच्या वर जाऊ नये. हे लक्स मेलॅनॉप्सिनच्या हिशोबाने मोजलेले आहेत, पण थंड पांढऱ्या पडद्यासाठी आकडा नेहमीच्या लक्सच्या आसपासच येतो. म्हणजे आपण दुपटीच्या वर आहोत.

आता एकेक उपाय लावू. पिवळा फिल्टर: अगदी उदार होऊन म्हणू की परिणाम निम्मा झाला. साडेअकरा. अजून हद्दीच्या बाहेरच. डार्क मोड: पडद्याचा दहावा हिस्सा उजळ धरला तर २.३. ब्राइटनेस २०० वरून २० निटवर: तोच आकडा, २.३, आणि पार्श्वभूमी पांढरीच.

हे उत्तर आलं तेव्हा मी दोनदा तपासलं. डार्क मोड जे काम करतो तेच काम ब्राइटनेसची जुनी पट्टी करते. शिवाय ब्राइटनेस उतरवून पांढऱ्यावर काळंच ठेवलं, तर अक्षराभोवती ती प्रभा दिसायची अडचणही कमी. आणि ब्राइटनेस दहापट खाली आणला तरी डोळ्याला दहापट अंधार वाटत नाही, दोन-तीन मिनिटांत सवय होते. म्हणून पट्टी खाली ओढून लगेच 'दिसत नाही' म्हणू नका, थोडं थांबा. पट्टी तळाला नेऊनही उजेड जास्त वाटला, तर अँड्रॉइड १२ पासून 'एक्स्ट्रा डिम' आणि आयफोनवर 'रिड्यूस व्हाइट पॉइंट' आहे, त्याने आणखी खाली जाता येतं.

मग डार्क मोड परत का आला?

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये मॅकवर आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये अँड्रॉइड १० आणि आयओएस १३ वर डार्क मोड आला. त्यामागचं एक मोठं कारण ओएलईडी पडदे होतं. या पडद्यात काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका, अगदी त्या हिरव्या टर्मिनलसारखा, मग बॅटरी वाचते. किती? अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये मोजलं: ब्राइटनेस पूर्ण असताना ३९ ते ४७ टक्के, पण नेहमीच्या ३० ते ५० टक्के ब्राइटनेसवर फक्त ३ ते ९ टक्के. म्हणजे रात्री, ब्राइटनेस उतरवलेला असताना, बॅटरीचंही फारसं काही हाती लागत नाही.

मग टाकून द्यायचा का? नाही. माझी खोली दोघांत आहे. रूममेट अकराला झोपतो, दिवा लावता येत नाही. अशा पूर्ण अंधारात पांढरं पान कितीही मंद केलं तरी डोळ्यात खुपतं, आणि त्याच्याही. तिथे मी डार्क मोडच वापरतो, पण दोन अटींवर. अक्षर दोन पायऱ्या मोठं, आणि ठार काळ्यावर शुभ्र पांढरं नको. तुमची स्वतःची वेबसाइट असेल तर एवढं पुरतं:

```
@media (prefers-color-scheme: dark) {
  body {
    background: #121212;
    color: #d8d8d8;
    font-size: 20px;
    line-height: 1.7;
  }
}
```

ठार काळ्यावर शुभ्र पांढऱ्याचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर २१ येतं. इथे ते १३ च्या आसपास उतरतं. वेबच्या सुलभतेच्या नियमांत मजकुरासाठी किमान ४.५ मागितलंय, त्यामुळे वाचनीयतेला धक्का नाही, पण प्रभा कमी होते. आकार मुद्दाम त्याच ब्लॉकमध्ये ठेवलाय. डार्क मोड आणि मोठं अक्षर ही जोडी फोडायची नाही, हे आईच्या कपाळदुखीतून शिकलोय.

आईचा फोन, दुसऱ्यांदा

शेवटी तिच्या फोनवर काय केलं ते क्रमाने सांगतो. आधी अक्षर, १४ चं २२. मग डार्क मोड काढला, पार्श्वभूमी फिकट बदामी ठेवली. मग ब्राइटनेस: आपोआप बदलणारा बंद केला आणि पट्टी हाताने खाली आणली, पांढरं पान खोलीतल्या कागदाइतकंच उजळ दिसेल एवढी. खरंच शेजारी कागद धरून जुळवलं. खोली पूर्ण अंधारी ठेवायची नाही म्हणून पलंगाच्या मागे एक लहान पिवळा दिवा. आणि सगळ्यात शेवटी फिल्टर, मध्यावर. तिला तो रंग आवडतो, म्हणून.

यातलं काहीही एका गोष्टीला हात लावत नाही: पापण्यांना. जपानमधल्या त्सुबोता आणि नाकामोरी यांनी १९९३ मध्ये मोजलं होतं, निवांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा पापण्या मिटतो, पुस्तक वाचताना १०, आणि संगणकाच्या पडद्यासमोर ७. डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटतं ते मुख्यतः यामुळे, आणि त्यासाठी कुठल्याही फोनमध्ये बटण नाही. प्रकरण संपलं की डोळे मिटून थोडं बसायचं, एवढाच उपाय तिला सांगितलाय.

परवा विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"बरंय रे. कपाळ दुखायचं थांबलं. पण आता पुस्तक संपेपर्यंत झोपच येत नाही."

त्यावर माझ्याकडे सेटिंग नाही.

तुमच्या घरच्या फोनवर ही पट्टीची मोजणी करून बघा आणि 'म' किती मिलिमीटर भरला ते कळवा. भेटू पुढच्या भागात.